टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाची मोठी बहीण गप्प होत चालली आहे – मदत हवी आहे

आभाळमाया: माझ्या ६ वर्षांच्या मुलाला दीड वर्षापूर्वी टाइप १ मधुमेहाचे निदान झाले. माझा प्रश्न मात्र त्याच्या १० वर्षांच्या बहिणीविषयी आहे. तिची कधीच तक्रार नसते आणि काही विचारले की "आधी त्याचं बघा" एवढेच ती म्हणते. रात्री २ वाजता साखर तपासण्याचा गजर झाला की तीही उठून दारात येऊन उभी राहते. मागच्या आठवड्यात तिच्या कप्प्यात चित्रकला स्पर्धेचे प्रमाणपत्र सापडले, ते तीन आठवडे जुने होते. ज्या दिवशी ते मिळाले त्या दिवशी धाकट्याची साखर ५४ पर्यंत उतरली होती आणि त्या गडबडीत तिला "आज काय झालं?" असे विचारायचेच राहून गेले. आपण वगळले गेलो आहोत असे तिला वाटू नये यासाठी नेमके काय करावे?

रानवाट: रात्री साखर उतरत असेल तर संध्याकाळच्या इन्सुलिनची मात्रा डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. आमच्या पुतण्याच्या बाबतीत दोष तिथेच होता.

आभाळमाया: आभारी आहे, ते डॉक्टरांशी बोलून झाले आहे. इथे मला मुलीविषयी विचारायचे आहे.

गोष्टीवेल्हाळ: तिला जबाबदारी द्या, म्हणजे आपण बाहेरचे आहोत असे तिला वाटणार नाही. शाळेच्या मधल्या सुट्टीत भावावर लक्ष ठेवणे, त्याने डबा पूर्ण खाल्ला की नाही ते पाहणे, अशी कामे या वयाच्या मुली आनंदाने करतात.

शांतारंग: मुलांच्या मधुमेह विभागात मी बरीच वर्षे समुपदेशन केले आहे. तिला सामील करून घेण्याची सूचना योग्य आहे. राखण मात्र तिच्याकडे देऊ नये. ग्लुकोजच्या गोळ्या कुठे असतात हे तिला माहीत असावे, हवे असल्यास तिने साखरेचा आकडा वहीत लिहावा आणि नको असेल त्या दिवशी नाही म्हणावे. मधली सुट्टी तिची स्वतःची असू द्या. तिथे तिच्यासाठी नियम एकच असावा: भाऊ थरथरताना किंवा घामाघूम झालेला दिसला तर मोठ्या माणसाला हाक मारायची. पुढचे काम मोठ्यांचे. आज ती रात्री दारात उभी राहते, याचा अर्थ ती राखण तिने आपणहून अंगावर घेतलेली आहे.

दुसरे म्हणजे, हा आजार आपल्यामुळे झाला असे या वयाच्या मुलांना पुष्कळदा वाटत असते आणि ते कोणाला सांगत नाहीत. तिला समोर बसवून विचारू नका. चित्र रंगवताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना, "काही मुलांना वाटतं की आपण काहीतरी केलं म्हणून भावाला हे झालं, तुला कधी तसं वाटलं का?" असे सहज विचारा आणि उत्तराची घाई करू नका.

तिसरे म्हणजे तिच्यासाठी रोजची १५ मिनिटे ठेवा, पण ती अशा वेळी ठेवा की तेव्हा धाकट्याची तपासणी दुसरे कोणीतरी करू शकेल. तरीही मध्येच त्याची साखर उतरली तर "१० मिनिटांत येते" असे सांगून जा आणि खरोखर परत या. वेळ मोडल्यापेक्षा तो मोडला हे कोणाच्या लक्षातही न येणे मुलांना अधिक लागते, असा माझा अनुभव आहे.

जुनीवही: मी अशाच घरातला मोठा भाऊ आहे, फक्त आमच्याकडे धाकट्याला दमा होता. भरपाई म्हणून मला खेळणी मिळत, पण ती कोणत्या रात्रीची भरपाई आहे हे मला बरोबर कळत असे. इस्पितळातून आल्यावर वडील जेव्हा "आज याला ऑक्सिजन लावावा लागला, आता बरं आहे, उद्या घरी येईल" असे सरळ सांगत, तेव्हाच मला झोप लागत असे. "काही नाही, तू झोप" असे म्हटले की रात्रभर कान दाराकडे लागलेले असत.

आभाळमाया: काल घड्या घालताना विचारले. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, निदानाच्या आदल्या महिन्यात तिने भावाला लपून आपल्या वाट्याच्या गोळ्या-चॉकलेटे दिली होती. दीड वर्ष हे तिच्या मनात होते! शरीराची प्रतिकारशक्ती इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवरच उलटते म्हणून हा आजार होतो, गोड खाल्ल्याने तो होत नाही, हे मी तिला समजावले. तिने ऐकून घेतले, पण तिला ते पूर्ण पटलेले दिसत नाही.

शांतारंग: एकदा सांगून ते पटत नाही. पुढच्या भेटीला तिलाही न्या आणि तिचा प्रश्न तिलाच डॉक्टरांना विचारू द्या.

आभाळमाया: नेईन. मात्र तिने लगेच विचारले की "मलाही होईल का?" डॉक्टरांनी पूर्वी सांगितले होते की सख्ख्या भावंडांमध्ये हा धोका शंभरात साधारण ५ इतका असतो आणि रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचणीने तो आधी कळू शकतो. ती चाचणी करावी का?

शांतारंग: यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही. धोका आधी कळला तर अचानक गंभीर अवस्थेत इस्पितळात धावण्याची वेळ बहुधा टळते, पण निकाल वाईट आला तर तो घेऊन तिला कित्येक वर्षे काढावी लागू शकतात. "बहुतेक नाही होणार, आणि झालाच तर काय करायचं ते आपल्याला माहीत आहे" एवढे उत्तर तूर्त तिला द्या.

जुनीवही: मी असतो तर मला ती चाचणी हवी होती. पण १० वर्षांचा असताना हवी होती का, हे आज सांगता येत नाही.

आभाळमाया: आम्हा दोघांचेही अजून ठरत नाही. प्रमाणपत्र मात्र भिंतीवर लावले आहे. कुठे लावायचे ते तिनेच ठरवले. गजराच्या वेळी ती काल रात्रीही उठली होती.