मदत हवी आहे: चर्चच्या गाण्यातलं ‘किरीये लेसोन’, ‘पाचेम’ म्हणजे काय? रविवारच्या आत सांगा

दौऱ्यावरचा
ऑफिसच्या कामासाठी सोलापुरात आलोय. इथल्या एका सहकाऱ्याची बायको चर्चच्या गायनवृंदात गाते. काल तालमीला घेऊन गेले. आवाज सुंदर, पण एक शब्द कळला नाही. ‘किरीये लेसोन’ असं पुन्हा पुन्हा म्हणतात, मग ‘सांक्तुस’, आणि शेवटी ‘दोना नोबीस पाचेम’. सहकारी म्हणाला लॅटिन आहे. गुगलवर ‘किरीये लेसोन’ टाकलं तर लेसन प्लॅन आले. अर्थ हवाय, थोडक्यात. रविवारी परत जायचंय.

शेंगाचटणी
रविवारी कुठल्या चर्चमध्ये ओ? सात रस्त्याकडं असंल तर गाडी लांब लावा, तिथं लई गर्दी असतीय.

भाषावेडा
किरिये एलेइसोन. लॅटिन नाही, ग्रीक आहे. किरिये म्हणजे ‘प्रभो’, एलेइसोन म्हणजे ‘दया कर’. सुरुवातीला रोमच्या चर्चची भाषा ग्रीकच होती. पुढे सगळं लॅटिनमध्ये गेलं आणि हा एवढा तुकडा मागे राहिला. आणि ‘पाचेम’ चूक आहे, खरा उच्चार ‘पाकेम’. लॅटिनमध्ये c हा वर्ण नेहमी क.

वसईकरीण
‘पाचेम’ अजिबात चूक नाही. सीझर पाकेम म्हणत असेल, पण चर्चमध्ये इटालियन वळणाने म्हणतात: पाचेम, चेली, एक्शेल्सिस, आन्युस. लहानपणापासून गायनवृंदात आहे, पाकेम म्हटलं असतं तर मास्तरांनी बाहेर काढलं असतं.

दौऱ्यावरचा, तुम्ही अर्धीच माहिती दिलीत. रविवारी मिस्सा, म्हणजे फादरांची उपासना आहे, की नुसता गाण्याचा कार्यक्रम? कोणाची रचना? छापील कागद दिलाय का? मिस्सा असेल तर आन्युस देई झाल्यावर लोक कम्युनियन घ्यायला रांगेत पुढे जातील. तुम्ही उठू नका, जागेवर बसून राहिलात तरी कोणी काही म्हणणार नाही.

दौऱ्यावरचा
अहो, रांगेचं कुठे विचारलंय? संध्याकाळचा कार्यक्रम आहे, फादर वगैरे नाहीत. कागद आहे, त्यावर शुबर्ट आणि जी मेजर लिहिलंय. अर्थ सांगा फक्त.

सातरस्ता
आम्ही इथलेच, पण आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली. आमच्याकडे लॅटिनचा विषयच नाही. ‘उपासना संगीत’ उघडायचं आणि गायचं, त्यात ना. वा. टिळकांची किती गाणी आहेत! ख्रिस्ती संगीत ऐकायचंय तर ते ऐका. मराठी आहे, अर्थ विचारत फिरावं लागत नाही.

वसईकरीण
सातरस्ता, टिळकांबद्दल वाद नाही, पण त्यांना रविवारी शुबर्ट ऐकायचाय.

शुबर्टचा जी मेजरमधला मास, म्हणजे मिस्साच्या प्रार्थनांना दिलेलं संगीत ना, मग सोपं आहे. १८१५ च्या मार्चमध्ये सहा दिवसांत लिहिला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. सगळा मिळून साधारण पंचवीस मिनिटांचा. पहिला भाग किरिये. आधी सगळा वृंद ‘किरिये एलेइसोन’ म्हणतो. मग वृंद मागे सरतो आणि एकटी सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाची गायिका, ‘क्रिस्ते एलेइसोन’ म्हणते. मग वृंद परत पहिल्या शब्दांवर येतो. म्हणजे प्रभो दया कर, ख्रिस्ता दया कर, प्रभो दया कर. शब्द तीनच, त्यामुळे न कळण्यासारखं काही नाही. मूळ शब्द किरिओस आणि ख्रिस्तोस, हाक मारताना किरिये आणि क्रिस्ते. आपण देवला ‘देवा’ करतो तसंच.

तुम्हाला ‘लेसोन’ ऐकू आलं कारण किरियेतला शेवटचा ए आणि एलेइसोनमधला पहिला ए गाताना एकमेकांत मिसळतात.

आता भाषावेडा यांच्यासाठी. रोममध्ये आधी ग्रीक होती हे बरोबर. पण किरिये त्या काळातलं उरलेलं शेपूट आहे, हे आता फारसं कोणी धरत नाही. ते नंतर पूर्वेकडून आलं. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची एक यात्रेकरू बाई जेरुसलेमला गेली होती. ती लिहिते की संध्याकाळच्या प्रार्थनेत डीकन, म्हणजे पाद्रींचा मदतनीस, एकेक नाव घेतो आणि जवळ उभी असलेली पोरं प्रत्येक नावाला ‘किरिये एलेइसोन’ म्हणतात. आणि पुढे खुलासा करते की आपण याला लॅटिनमध्ये ‘मिसेरेरे डोमिने’ म्हणतो. म्हणजे पश्चिमेकडच्या तिच्या वाचकांना ते सांगावं लागत होतं.

भाषावेडा
एजेरियाचं मान्य. पण तिला खुलासा करावा लागला म्हणून रोममध्ये ते नव्हतंच, हे कसं सिद्ध होतं? ती रोमची नव्हतीच.

वसईकरीण
एवढ्याने सिद्ध होत नाही, खरंय. पण पोप ग्रेगरीचं ५९८ सालचं पत्र आहे. तुम्ही कॉन्स्टँटिनोपलची नक्कल करता, असा त्यांच्यावर ठपका होता. ते म्हणतात, आम्ही किरिये ग्रीकांसारखं म्हणत नाही. त्यांच्याकडे सगळे एकदम म्हणतात, आमच्याकडे आधी पाद्री म्हणतात मग लोक. आणि ‘क्रिस्ते एलेइसोन’ आम्ही म्हणतो, ग्रीक म्हणतच नाहीत.

म्हणजे रविवारी सोप्रानो एकटी जे गाणार आहे ती रोमने घातलेली भर, तीसुद्धा ग्रीक शब्दांत. मला हे फार आवडतं.

दौऱ्यावरचा
पोपचं पत्र नको हो. बाकीच्या शब्दांचं सांगा. आणखी एक राहिलं सांगायचं, कार्यक्रम संपल्यावर मला ‘पाहुणे म्हणून दोन शब्द’ बोलायला लावणार आहेत.

शेंगाचटणी
हे आधी सांगायचं की ओ! दोन शब्दच बोला, किरिये एलेइसोन. 😀

भाषावेडा
सांक्तुस म्हणजे पवित्र. आपला ‘संत’ त्याच मुळाचा. त्यापुढे ‘साबाओत’ येतं, ते शब्बाथ, शनिवारचा विश्रांतीचा दिवस. भाषणात संतांचा मुद्दा घ्या, टाळ्या मिळतील.

सातरस्ता
साबाओत म्हणजे शब्बाथ नाही! यशयाचा सहावा अध्याय काढा. ‘पवित्र, पवित्र, पवित्र सेनाधीश परमेश्वर.’ साबाओत म्हणजे सैन्यं, स्वर्गातली. हिब्रू शब्द तसाच ठेवलाय. आमच्या मराठी पवित्र शास्त्रात सेनाधीश आहे, ते लहानपणापासून पाठ.

वसईकरीण
सातरस्ता, अगदी बरोबर. पुढचं ‘ओसान्ना’पण हिब्रू, आपलं होसान्ना. आणि संत-सांक्तुस नातं चुकूनही भाषणात घेऊ नका. संत संस्कृत सत् वरून, सांक्तुसचं मूळ वेगळं. दिसायला सारखे, एवढंच. नातं सांगायचंच असेल तर ‘देउस’ आणि आपला देव यांचं सांगा, ते खरं आहे.

भाषावेडा
मग ग्रीक ‘थेओस’पण त्यातच आला.

वसईकरीण
नाही आला. थेओसचा देउसशी संबंध नाही. आता पुरे, तो माणूस चिडेल.

शेवटचा भाग आन्युस देई, हा नीट ऐका. ओळ अशी: ‘आन्युस देई, क्वी तोल्लिस पेक्काता मुंदी’. मराठी बायबलात योहान म्हणतो ना, ‘जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा’, तेच. हे तीनदा येतं. पहिल्यांदा सोप्रानो, दुसऱ्यांदा बास, म्हणजे खर्जातला गायक, तिसऱ्यांदा परत सोप्रानो. पहिल्या दोन वेळा वृंद खालून ‘मिसेरेरे नोबीस’ म्हणतो, आमच्यावर दया कर. तिसऱ्यांदा ते बदलून ‘दोना नोबीस पाचेम’ होतं, आम्हाला शांती दे. म्हणजे ‘पाचेम’ ऐकू आलं की संपत आलं समजा आणि मनात भाषण जुळवायला घ्या.

मिसेरेरे आणि एलेइसोन यांचा अर्थ एकच. पंचवीस मिनिटांच्या या टोकाला ग्रीकमध्ये मागितलं, त्या टोकाला लॅटिनमध्ये. एजेरियाने जो खुलासा केला होता तोच. दोन शब्द बोलायचे तर हे बोला. मृतांसाठीच्या मासमध्ये मात्र इथे मिसेरेरे नसतं, तिथे ‘दोना एईस रेक्विएम’ येतं, त्यांना विश्रांती दे. तुमच्याकडे पाचेम आहे, तेव्हा कोण वारलं म्हणून विचारू नका.

शेंगाचटणी
पण आता चर्चमधनं लॅटिन बंद झालंय ना? साठच्या दशकात बंदी आली म्हणं. मग हे कसं गायलेत?

वसईकरीण
बंदी कधीच नव्हती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या दस्तऐवजात लॅटिन राखून लोकभाषेला परवानगी दिली, आणि लोकांनी लोकभाषाच उचलली. आमची आजी लॅटिन उत्तरं घडाघडा म्हणायची, अर्थ विचारला की रागवायची.

दौऱ्यावरचा
आभार. आन्युसचं आता डोक्यात बसलं, आज तालमीत बोट ठेवून ऐकलं. सोप्रानो, बास, सोप्रानो, बरोब्बर. पण मधल्या मोठ्या भागात, क्रेदो, बोट चुकलं. कागदावर ‘एत उनाम सांक्ताम कातोलिकाम’ अशी ओळ आहे, ती कोणी म्हटलीच नाही. पुढची ओळ सुरू झाली. विसरले का? सांगू का त्यांना?

वसईकरीण
अजिबात सांगू नका, ते विसरलेले नाहीत. ती ओळ शुबर्टनेच घेतली नाही. ‘एका, पवित्र, कॅथोलिक चर्चवर माझा विश्वास आहे’ असा अर्थ, आणि त्याच्या सगळ्या लॅटिन मासमध्ये तीच गाळलीय. कागद छापणाऱ्याने प्रार्थनेचा पूर्ण मजकूर उचलला असणार.

भाषावेडा
म्हणजे चर्चशी भांडण होतं. उघड आहे.

वसईकरीण
उघड कसलं? या मासच्या ग्लोरियामधलेही काही शब्द त्याने सोडलेत, तिथे काय भांडण? घाईत लिहायचा, असंही म्हणणारे आहेत.

भाषावेडा
घाईत प्रत्येक वेळी तीच ओळ सुटते?

सातरस्ता
आमच्या विश्वासांगीकारात ती ओळ आहे आणि आम्ही कॅथोलिक नाही. तिथे त्या शब्दाचा अर्थ सार्वत्रिक. त्यामुळे चर्चशी भांडण म्हणजे नक्की कोणत्या, ते आधी ठरवा.

दौऱ्यावरचा
हे तुम्ही ठरवा. मला एवढंच सांगा, किरिये संपल्यावर टाळ्या वाजवायच्या की एकदम शेवटी?

वसईकरीण
शेवटी.

शेंगाचटणी
कुणी वाजवल्या की तुम्ही बी वाजवा.