बाईंची रजा आणि शाळेची दोन ओळींची चिठ्ठी

काल लेकीच्या सूचना वहीत चिकटवलेली चिठ्ठी मिळाली. 'पालकांस कळविण्यात येते की, इयत्ता दुसरी ब च्या वर्गशिक्षिका सोमवारपासून दीर्घ रजेवर जात असून त्यांच्या जागी तात्पुरत्या शिक्षिकेची नेमणूक करण्यात आली आहे. सहकार्य अपेक्षित.' खाली शिक्का, तोही अर्धाच उमटलेला. किती दिवस, नव्या बाईंचं नाव काय, काही नाही.

मला माझी दुसरी आठवली. दिवाळीनंतर बाई आल्याच नाहीत, दुसऱ्या आल्या. आमच्या बाई 52 वजा 27 करताना वरच्या दोनाचे बारा करायच्या आणि खालच्या दोनाला हातचा देऊन तीन. नव्या बाई वरचा पाच खोडून चार करायच्या. दोघींचं उत्तर 25. मी दोघींचंही ऐकलं! वर पाचाचे चार, खाली दोनाचे तीन, उत्तर 15. बाबा महिनाभर धांदरट म्हणत होते.

तुमच्याकडे काय काय झालं? लिहा.

चिंचगूळ
अगं बाई, 15! माझ्या भावाचं अगदी हेच. आम्हाला वाटायचं डोळे तपासावे लागतील.

शेंगदाणा
तीन महिन्यांत येतील परत. बाळंतपणाची रजा 12 आठवडेच असते.

खडूफळा
@शेंगदाणा, ते जुनं झालं. 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे. 12 आता तिसऱ्यापासून. म्हणजे दिवाळीनंतर गेलेल्या बाई मे महिन्यातच येणार. वार्षिक परीक्षा नव्या बाईच घेणार, तेव्हा वाट बघण्यात अर्थ नाही.

शेंगदाणा
पण बाळंतपणच आहे कशावरून? चिठ्ठीत तर नाही.

धागाकर्ती
आम्हाला दिसत होतं हो 😀

खडूफळा
कारण लिहीत नाहीत ते बरोबरच, तो बाईंचा खासगी मामला. पण मुदत आणि नाव न लिहिणं हा आळस. मी शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते म्हणून सांगते, खरं काम चिठ्ठीच्या आधी व्हावं लागतं. दोघी बाई दोन-तीन दिवस एकाच वर्गात हव्यात. जाणाऱ्या बाईंनी एका कागदावर लिहून द्यावं की कोण कुठवर पोचलंय, कुणाला फिट येते, कुणाला न्यायला कोण येतं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडे एकदा नव्या बाईंनी एका मुलाला 'मी काका' म्हणणाऱ्याबरोबर सोडलं. काका खरेच निघाले, पण आईवडिलांचं कोर्टात चालू होतं आणि काकांना सोडायचं नाही हे फक्त जुन्या बाईंना माहीत होतं. मूल तासाभराने आईकडे पोचलं. तो तास मी आजही विसरलेले नाही.

आणि त्या 15 चं. नुसतं उत्तर बघून कळत नाही, खोडाखोड बघा. वरचा आकडाही कमी केलाय आणि खाली हातचाही लिहिलाय, तर हेच झालंय. बिनहातच्याच्या वजाबाक्या सगळ्या बरोबर आणि हातच्याच्या नेमक्या दहाने कमी येतात. पोर धांदरट नसतं, दोन रीती एकत्र झालेल्या असतात. एक रीत पक्की करा, दुसरी महिनाभर घरात काढूच नका.

सुमी_वहिनी
मलाही अर्ज हवाय. चुलत दिराच्या लग्नाला दहा दिवस गावी जायचंय, दीर्घ रजेचा अर्ज कसा लिहितात?

चिंचगूळ
वहिनी, इथे बाईंची रजा चालू आहे, तुमची नाही 😀 लग्न कुठे आहे पण?

रानपाखरू
आमच्या वाडीवरची शाळा दोन गुरुजींची. एक गुरुजी आजारी पडले, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. दुसऱ्यांनी दोन खोल्यांच्या मधल्या दारात खुर्ची टाकली आणि चारही वर्ग सांभाळले. आम्ही चौथीतली पोरं पहिलीला बाराखडी शिकवायचो. माझा 'ढ' तेव्हाच सुधारला. बाकी गणित गेलं ते गेलंच.

टेंपररी
मी ती 'तात्पुरती बाई'. ही चौथी शाळा. तासाप्रमाणे पैसे, सुट्टी लागली की काही नाही. पहिल्या दिवशी हातात हजेरीपट आणि डस्टर, बस्स. आठ दिवस एकच ऐकायचं, 'आमच्या बाई असं नाही करत.' आधी राग यायचा. आता म्हणते, मग तुमच्या बाई कसं करतात, ये फळ्यावर दाखव. पोर हातचा कुठे लिहितं ते बघितलं की कळतं आधी काय शिकवलंय. खडूफळा ताई म्हणतात तसा कागद मला चारपैकी एकाच शाळेत मिळाला.

शेंगदाणा
पण शाळेने कायम शिक्षकच द्यायला हवा ना? तक्रार करा.

टेंपररी
कुणाची, माझी? 🙂

चिंचगूळ
आमच्या ग्रुपवर बाईंना डिंकाचे लाडू द्यायचे चाललंय. डिंक तळताना तूप फार तापवू नका, आत कच्चा राहतो.

धागाकर्ती
लेकीला आज 43 वजा 18 घातलं. 25 लिहिलं. विचारलं, नव्या बाईंनी सांगितलं का असं? म्हणाली, "नाही गं, त्या अजून आमची नावं पाठ करतायत."