मदत हवी आहे: अँजिओग्राफीचा रिपोर्ट चार ओळींत कसा बसवू?

रात्रपाळी_आरएमओ: कॅथ लॅबचा दीड पानी रिपोर्ट आहे. सर म्हणाले, व्हेसलवाइज चार ओळी कर, घरच्यांसाठी मराठी कागद वेगळा. पेशंट ५८ वर्षांचे शेतकरी, शुगर आहे. मी लिहिलंय: लेफ्ट मेन नॉर्मल, एलएडी मध्यभागी ९०%, सर्कमफ्लेक्स किरकोळ, आरसीए ६०%. चालेल ना? मुलगा दारात उभा आहे.

जुना_स्टेथो: स्टेंट टाकला का? हातातून की मांडीतून?

रात्रपाळी_आरएमओ: टाकलाच की, एलएडीत, ३.० बाय २८. मनगटातून. मुद्दा तो नाहीये.

जुना_स्टेथो: मुद्दा तोच आहे. नुसतं ९०% लिहिलंत तर वाचणाऱ्याला ब्लॉक अजून आहे असंच वाटणार. आमच्याकडे एकजण दोन महिन्यांनी त्या आकड्याभोवती लाल गोल करून भांडायला आला होता. असं लिहा: 'एलएडी मध्यभागी ९०% होता, औषधी स्टेंट टाकला, आता अडथळा नाही, प्रवाह टिमी ३.' आरसीएपुढे 'आज हात लावला नाही' लिहा. पुढे तिचं काय करायचं ते सरांनाच विचारा, मनाने भरू नका. मराठी कागदावर टिमी नको.

सांगलीकर: माझ्या वडिलांचे तीन ब्लॉक होते, बायपास सांगितली होती. या पेशंटची का नाही केली?

रात्रपाळी_आरएमओ: काका, ते झालंय. कागदावर काय लिहू ते सांगा.

गोळी_गणित: सोपं आहे. अ‍ॅस्पिरिन आणि टिकाग्रेलर वर्षभर, मग दोन्ही बंद.

जुना_स्टेथो: दोन्ही नाही हो! वर्षाने विचार होतो तो टिकाग्रेलरचा, अ‍ॅस्पिरिन सहसा चालूच राहते. कागदावर ठळक लिहा: 'दात काढायचा असला तरी आमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय या दोन गोळ्या बंद करू नका.' गोळ्या मध्येच सुटल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होते, आणि बंद करायला सांगणारा बहुतेक वेळा दुसराच डॉक्टर असतो. मनगटाचंही लिहा: काही दिवस त्या हाताने कळशी उचलू नये. रक्त आलं तर बसून जागा घट्ट दाबून धरावी, थांबलं नाही तर दाब न सोडता दवाखाना गाठावा. छातीत दुखलं तर १०८, मोटारसायकल नाही.

गोळी_गणित: बरं, टिकाग्रेलरचं मान्य. पण मेटफॉर्मिन ४८ तास बंद, हे तरी लिहा.

जुना_स्टेथो: सरसकट कशाला? किडनी चांगली असेल तर गरज नसते.

गोळी_गणित: आमच्याकडे सगळ्यांचीच बंद करतात.

रात्रपाळी_आरएमओ: आजचा क्रिएटिनिन अजून आलेला नाही आणि सर पुढच्या केसला आत गेलेत. ती ओळ आणि आरसीएची ओळ मोकळी ठेवलीय. मुलाला चहा प्यायला पाठवलंय.