मदत हवी आहे: वडिलांच्या सरासरी रक्तदाबाचे लक्ष्य ६५ असावे की ८०?

गोदाकाठ: माझे वडील, वय ६८, वजन ७० किलो, मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यामुळे परवापासून नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात आहेत. सलाइन देऊनही रक्तदाब टिकेना, म्हणून नॉरअ‍ॅड्रिनलिन सुरू केले असून त्याचा वेग सध्या दर किलोमागे मिनिटाला ०.१८ मायक्रोग्रॅम आहे. मॉनिटरवर ९२/५० दिसते आणि शेजारी ६४ हा आकडा असतो. डॉक्टर म्हणतात की ६५ पुरेसे आहे; परंतु वडिलांचा रक्तदाब एरवी गोळ्या घेऊनही १५०/९० च्या आसपास असतो आणि आता लघवी तासाला जेमतेम १५ मिलि होते आहे. अशा माणसाला ६५ कसे पुरेल? मी डॉक्टरांना नेमके काय विचारावे?

सातपूरकर: नॉरअ‍ॅड्रिनलिन रक्तवाहिन्या आवळते. वाहिन्या आवळल्या की मूत्रपिंडाला रक्त कमी जाणार, हे उघड आहे. लघवी त्यामुळेच कमी झाली असावी. औषध कमी करायला सांगा.

माईची_लेक: माझ्या आईचा रक्तदाबही १५०/९० असतो. आमच्या डॉक्टरांनी रात्रीची गोळी सकाळी घ्यायला सांगितल्यापासून बराच फरक पडला. वडिलांच्या गोळ्यांची वेळ बदलून पाहिली का?

रात्रपाळी: ताई, येथे प्रश्न रक्तदाब कमी करण्याचा नसून तो टिकवण्याचा आहे; शॉकमध्ये घरच्या गोळ्या बहुधा थांबवलेल्याच असतात.

सातपूरकर, आपले म्हणणे अर्धे खरे आहे. शरीरात पाणी कमी असताना नुसत्या औषधाने आकडा चढवला, तर आपण म्हणता तसे होऊ शकते. मात्र अशा संसर्गात वाहिन्या सैल पडलेल्या असतात आणि दाबच नसल्यामुळे मूत्रपिंडात रक्त ढकलले जात नाही. तेथे वाहिन्या आवळून दाब वाढला की रक्तप्रवाह सुधारतो. म्हणून कृपा करून औषध कमी करा असे सांगू नका.

गोदाकाठ, आधी सरासरी दाबाचा हिशेब पाहू. खालचा आकडा ५० आणि वरच्या-खालच्यातील फरक ४२. त्याचा तिसरा भाग, म्हणजे १४, मिळवला की ६४ होतात. हाच हिशेब १५०/९० ला लावला तर ११० येतात. निरोगी मूत्रपिंड दाब थोडा कमी-जास्त झाला तरी आपल्या वाहिन्या सैल किंवा घट्ट करून प्रवाह सारखा ठेवते. पण वर्षानुवर्षे उच्च दाबाची सवय लागलेल्या मूत्रपिंडाची ही सांभाळण्याची पट्टीच वर सरकलेली असते. त्याखाली गेल्यावर दाब जितका घसरेल तितका प्रवाहही घसरतो, म्हणून आपली शंका रास्त आहे.

तरीही ६५ हा आकडा मनाने ठरवलेला नाही. फ्रान्समधील २०१४ च्या एका चाचणीत ६५ ते ७० आणि ८० ते ८५ अशी दोन लक्ष्ये ठेवून तुलना केली, तेव्हा मृत्यूच्या प्रमाणात फरक आढळला नाही. ज्यांना आधीपासून उच्च रक्तदाब होता, त्यांच्यात वरच्या लक्ष्याने डायलिसिसची गरज कमी पडली. मात्र वरच्या गटात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण वाढले. जास्त औषधाची किंमत ही अशी मोजावी लागते.

मी आपल्या जागी असतो तर दोन गोष्टी विचारल्या असत्या. पहिली, धमनीतील नळीला जोडलेला, दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीवर आहे का? खाट वर केली आणि तो स्टँडवर तसाच राहिला, तर दहा सेंटिमीटरला सुमारे ७ ने आकडा खोटा वाढतो, म्हणजे आपले ६४ खरे ५७ असू शकतात. दुसरी, शिरेतील दाब किती आहे? मूत्रपिंडाला मिळतो तो धमनीचा दाब वजा शिरेचा दाब. शिरेत १४ असेल तर ६४ पैकी ५० च उरतात आणि आणखी सलाइन दिल्याने नुकसानच होऊ शकते. दोन्ही ठीक असेल, तर काही तास ७५ ते ८० ठेवून लघवी, अवयवांना रक्त कमी पडले की रक्तात वाढणारे लॅक्टेट आणि बोट दाबून सोडल्यावर रंग परतण्यास लागणारा वेळ पाहता येईल का, असे विचारा. फरक पडला नाही तर परत खाली यावे; अर्थात निर्णय खाटेशेजारच्या डॉक्टरांचा.

गोदाकाठ: मनापासून आभार. ट्रान्सड्यूसर खरोखरच खाली होता. सरळ केल्यावर ५९ आले. शिरेतील दाब ८ होता. औषध वाढवून सहा तास ७८ ठेवले, तेव्हा लघवी तासाला ३५ मिलि झाली आणि लॅक्टेट ४.१ वरून २.९ वर आले. परंतु पहाटे ठोके अनियमित झाले, म्हणून डॉक्टरांनी व्हॅसोप्रेसिन हे दाब वाढवणारे दुसरे औषध जोडून नॉरअ‍ॅड्रिनलिन कमी केले आणि लक्ष्य ७० वर आणले. आता लघवी २५ वर अडकली आहे.

सातपूरकर: लघवी दाबामुळे वाढली की फक्त अँटिबायोटिकचा परिणाम दिसू लागला, हे कसे कळणार?

रात्रपाळी: एका रुग्णावरून ते खात्रीने सांगता येत नाही. ७० वर लघवी पुन्हा घटली, त्यामुळे दाबाचा वाटा असावा असे मला वाटते. पण क्रिएटिनिनचे आजचे आणि उद्याचे आकडे आल्याशिवाय मी त्यापुढे जाणार नाही. आले की येथे लिहा.