अनामत परत मागण्याचे पत्र: टपाल, कुरिअर की ईमेल?

प्रश्नकर्ती (पुणे): घर सोडून तीन महिने झाले, तरी मालक ६०,००० रुपयांची अनामत परत करत नाहीत. पत्र मिळालेच नाही, असे त्यांना पुढे म्हणता येऊ नये यासाठी ते कसे पाठवावे?

खाजगी कंपनीतील कर्मचारी: ईमेलच करा. पाठवल्याची वेळ आणि मजकूर दोन्ही जसेच्या तसे राहतात. टपालाची पावती फक्त पाकीट गेल्याचे सांगते. आत कोरा कागद होता असा दावा कोणी केला, तर काय करणार?

निवृत्त टपाल कर्मचारी: आक्षेप खरा आहे, पण ईमेल उघडलाच नाही म्हणणेही तितकेच सोपे असते. २०२५ मध्ये नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, त्यामुळे खिडकीवर नोंदणी आणि पोच पावती या दोन्ही सेवा आठवणीने मागाव्यात. पोच पावतीच्या कार्डावर ‘अनामत परतीचे पत्र’ आणि त्याची तारीख लिहावी. सामान्य खंड अधिनियमाच्या कलम २७ नुसार असे पत्र पोहोचले असेच धरले जाते.

दिवाणी वकील: थोडी दुरुस्ती करते. कलम २७ कायद्यानेच टपालाने बजावायला सांगितलेल्या नोटिशीसाठी आहे आणि तुमचे पत्र तसे नाही. तुम्हाला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ११९ चा आधार घेता येईल, कारण टपालाचा नेहमीचा व्यवहार रीतसर झाला असे न्यायालय त्यानुसार गृहीत धरू शकते. मात्र हे गृहीतक समोरच्याला पुराव्याने खोडता येते. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आले, तर ते फोडू नका. पोस्टमनचा शेरा, तारीख आणि शाबूत चिकटपट्टी यांसह ते तसेच न्यायालयात दाखवायचे असते.

सोसायटीचा माजी सचिव: आमच्या गळतीच्या वादात मी कुरिअरने पत्र पाठवले होते. पावतीवर सही निघाली पहारेकऱ्याची, तीही नुसती तिरकी रेघ, आणि वर्षभरानंतर त्या कुरिअरकडे वाटपाची नोंदच उरली नव्हती. तेव्हापासून महत्त्वाच्या पत्रासाठी मी कुरिअर वापरत नाही.

खाजगी कंपनीतील कर्मचारी: तरीही मजकुराचा प्रश्न उरतोच.

दिवाणी वकील: म्हणूनच त्याच दिवशी, त्याच सहीच्या पत्राची स्कॅन प्रत ईमेलनेही पाठवावी आणि ‘स्पीड पोस्टनेही पाठवले आहे’ असे त्यात क्रमांकासह लिहावे. पुढे ईमेलची छापील प्रत पुरावा म्हणून द्यायची झाली, तर साक्ष्य अधिनियमाच्याच कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागेल. २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या साक्ष्य कायद्यातील कलम ६५ब खालचे असे प्रमाणपत्र आवश्यक ठरवले आहे. टपालाच्या संकेतस्थळावरील वाटपाची नोंदही लगेच छापून ठेवा, कारण ती तिथे कायम राहत नाही.

प्रश्नकर्ती: करारनाम्यात मालकांचा जुना पत्ता आहे आणि आता ते नाशिकला राहतात, असे शेजारी सांगतात.

दिवाणी वकील: नोटीस कुठे द्यायची हे करारनाम्यात लिहिले आहे का, ते आधी पाहा. तसे कलम असेल तर तिथला पत्ता सोडू नका. नाशिकच्या पत्त्यावर मात्र दुसरे, वेगळ्या क्रमांकाचे पाकीट जाऊ द्या.

निवृत्त टपाल कर्मचारी: शेजाऱ्यांनी सांगितलेला पत्ता पिनकोडसह तपासल्याशिवाय पाठवू नका. अपुऱ्या पत्त्यामुळे परत आलेले पाकीट ‘नकार’ म्हणून चालत नाही.