सात आठवड्यांच्या मुलीच्या पापणीवरील लाल डाग: थांबावे की औषध सुरू करावे?

वाळपईची_आई: माझ्या मुलीच्या डाव्या वरच्या पापणीवर जन्मतः फिकट ठिपका होता, तो आता फुगून स्ट्रॉबेरीसारखा लालभडक झाला आहे. दूध पिताना तो डोळा अर्धाच उघडतो, असे वाटते. गावातल्या डॉक्टरांनी हा डाग आपोआप जाईल असे सांगितले. सासूबाईंना मात्र मी ग्रहणात भाजी चिरल्याचा हा परिणाम वाटतो. थांबणे योग्य ठरेल का?

साखळीकर: ताई, माझ्या भाच्याच्या पाठीवर असाच डाग होता. सहाव्या महिन्यापर्यंत तो वाढला, वर्षानंतर मध्यभागी राखाडी पडून मऊ होत गेला आणि चौथ्या वर्षी जवळजवळ दिसेनासा झाला. एवढ्या लहान बाळाला औषध देऊ नये, असे माझे मत आहे.

बालरुग्ण_परिचारिका: भाच्याच्या डागाचे वर्णन अचूक आहे, कारण बहुतेक डाग असेच ओसरतात, परंतु पाठ आणि पापणी यांत मोठा फरक आहे. फुगलेली पापणी बाहुली झाकते किंवा बुबुळावर दाब देऊन त्याचा आकार बदलते, आणि या वयात अंधुक दिसणाऱ्या डोळ्याकडे मेंदू दुर्लक्ष करू लागतो. डाग पुढे गेला तरी ती नजर पूर्ण परत येईलच असे नाही. शिवाय पाचव्या ते आठव्या आठवड्यात वाढ सर्वांत वेगाने होते, म्हणून याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ या दोघांनाही दाखवावे. बांबोळीच्या गोमेकॉत दोन्ही विभाग आहेत. ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही, हे सासूबाईंना अवश्य सांगा.

अशा वेळी बहुधा प्रोप्रानोलॉल देतात. या डागांवर ते चालते, हे 2008 मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांच्या लक्षात आले. हृदय आणि श्वास तपासून, कमी मात्रेपासून सुरुवात करून ते वाढवतात. साडेचार किलोच्या बाळाला किलोमागे 2 मिलिग्रॅम ठरले, तर दिवसाचे 9 मिलिग्रॅम दोन वेळांत विभागून द्यावे लागते. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. औषध दुधासोबतच द्यावे. बाळ पीत नसेल किंवा उलट्या होत असतील तर ती वेळ टाळून डॉक्टरांना कळवावे, कारण रक्तातील साखर उतरू शकते. छातीत घरघर होऊ लागली तरीही लगेच कळवावे. उपचार साधारण सहा महिने चालतात आणि लवकर थांबवल्यास डाग पुन्हा फुगू शकतो.

मडगाव_बाबा: माझ्या मुलाच्या गालावर जन्मापासून सपाट, जांभळट डाग आहे. दोन वर्षांत तो फुगलाही नाही आणि फिकाही झाला नाही. हेच औषध चालेल का?

बालरुग्ण_परिचारिका: नाही. आपले वर्णन वेगळ्या प्रकारच्या डागाचे वाटते. तो आपोआप जात नाही आणि त्यावर लेसरचा विचार करतात, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

वाळपईची_आई: मनापासून आभार, उद्याच बांबोळीला जातो. टिमोलॉलचे थेंब वरून लावून भागेल का?

बालरुग्ण_परिचारिका: पातळ, वरवरच्या छोट्या डागांवर ते पुरतात. आपल्या बाळाची पापणी फुगलेली आहे, त्यामुळे मला शंका वाटते. डाग किती खोल आहे हे पाहून डॉक्टरच सांगतील.

वाळपईची_आई: डाग ओसरल्यावर तिथली त्वचा सैल राहते, असे ऐकले आहे. पापणीवर असा अनुभव कोणाला आला असल्यास कृपया लिहावे.