शब्दचर्चा : ‘एव्हरग्रीन व्हिडिओ’ला मराठीत काय म्हणावे?

माळरान : सोलापुरातल्या काही यूट्यूब चॅनेलवाल्यांसाठी मराठी टिपण करतोय. काही व्हिडिओ वर्षभर रोज थोडे थोडे पाहिले जातात, काही दोन दिवस उसळतात आणि ओसरतात. पहिल्या प्रकाराला कोणता शब्द वापरावा? ‘सदाहरित’ वाचलं की जंगल डोळ्यांसमोर येतं, ‘सदाबहार’ म्हटलं की जुनी गाणी.

चादरकाठ : ‘बारमाही’ घ्या. आपल्याकडे ओढा बारमाही की पावसाळी, हे पहिल्या पुरात कळत नाही, चैत्र-वैशाखात कळतं. इथेही तसंच आहे. दुसऱ्या प्रकाराला ‘उसळीचा व्हिडिओ’ आणि त्याच्या उताराला ‘ओसर’ म्हणता येईल.

कडक भाकरी : मग सोपंय की. एकूण व्ह्यूज भागिले दिवस. ज्याची सरासरी जास्त तो बारमाही.

चादरकाठ : तिथेच फसगत होते. समजा, एकाच दिवशी दोन व्हिडिओ टाकले. एक गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वज मिरवणुकीचा, दुसरा शेंगदाणा चटणीचा. मिरवणुकीला पहिल्या आठवड्यात 21,000 व्ह्यूज, चौथ्यात 1,400, आठव्यात 280 आणि सव्विसाव्यात फक्त 35. चटणीला पहिल्या आठवड्यात 420, सव्विसाव्यात 560. 182 दिवसांची बेरीज मिरवणुकीची 32,760 आणि चटणीची साधारण 13,000. म्हणजे तुमच्या सरासरीने मिरवणूक रोजचे 180 आणि चटणी 71. प्रत्यक्षात आज मिरवणुकीला दिवसाला 5 व्ह्यूज मिळतात आणि चटणीला 80. पहिल्या आठवड्याचा पूर सहा महिन्यांवर पसरला, म्हणून सरासरी मोठी दिसते.

कडक भाकरी : बरं, मग शेवटचे 28 दिवस आणि त्याआधीचे 28 दिवस ताडून पाहू. आकडा घसरला नाही तर बारमाही.

चादरकाठ : 28 दिवस घेता हे बरोबर आहे, कारण त्यात पूर्ण चार आठवडे बसतात आणि रविवारचा फुगवटा दोन्हीकडे सारखा येतो. पण शेजारशेजारचे दोन तुकडे घेऊ नका. ओसर सुरुवातीला झपाट्याने होतो आणि पुढे मंदावत जातो. सहाव्या महिन्यात मिरवणूकही 6 वरून 5 वर येते, म्हणजे जवळजवळ सपाट दिसते. म्हणून तुलना व्हिडिओच्या स्वतःच्या 29 ते 56 या दिवसांशी करा. पहिली उसळी तोवर बरीचशी निवलेली असते. यूट्यूब स्टुडिओच्या अॅनालिटिक्समधल्या `Advanced mode` मधून रोजचे आकडे उतरवा, B स्तंभात दुसऱ्या ओळीपासून पहिला दिवस ठेवा आणि सरासरीऐवजी मध्यक काढा. कुणी मधेच व्हॉट्सअॅपवर लिंक फिरवली तर त्या एका दिवसाने मध्यक फारसा हलत नाही.

```
=MEDIAN(B156:B183)/MEDIAN(B30:B57)
```

मिरवणुकीचं उत्तर 5 भागिले 70, म्हणजे 0.07. चटणीचं 80 भागिले 70, म्हणजे 1.14. अगदी शेवटचे दोन दिवस मात्र सोडा, त्यांचे आकडे बऱ्याचदा अपुरे असतात.

नवी पेठ : माझा चादर धुण्याचा व्हिडिओ दोन आठवड्यांपूर्वीचा आहे, रोज 40 च्या आसपास व्ह्यूज. बारमाहीच ना?

चादरकाठ : ताई, एवढ्यात ठरवता येणार नाही. आत्ता `Traffic source` बघा. बहुतेक लोक `YouTube search` मधून येत असतील तर आशा धरायला जागा आहे, कारण डाग कसा काढायचा हा प्रश्न लोकांना रोज पडतो. `Browse features` मधून येत असतील तर होमपेजवर दिसणं थांबताच आकडा बसू शकतो.

हुरडाप्रेमी : हुरड्याच्या व्हिडिओचं काय? जूनमध्ये हे सूत्र लावलं तर तो मेलेलाच ठरेल. आणि हिवाळ्यात परत उठतो.

चादरकाठ : रास्त हरकत आहे. तो ‘हंगामी’. त्याला हे सूत्र लावूच नये. यंदाचा जानेवारी गेल्या जानेवारीशी ताडायचा, म्हणजे निदान दोन हिवाळे थांबणं आलं. आणि त्यातला पहिला हिवाळा व्हिडिओ टाकल्याचाच असेल तर नवेपणाची उसळी हंगामात मिसळते, तेव्हा तिसराही लागतो.

कडक भाकरी : हेच शॉर्ट्सला चालेल?

चादरकाठ : 31 मार्च 2025 पासून शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू धरला जातो. त्या तारखेच्या अलीकडचे-पलीकडचे आकडे ताडायचे असतील तर `Engaged views` घ्या, नाहीतर नुसती मोजणी बदलल्याने व्हिडिओ वाढल्यासारखा दिसेल.

माळरान : ‘बारमाही’ आणि ‘हंगामी’ घेतो. एक अडचण राहते. रोज ठरून 5 व्ह्यूज वर्षभर मिळणारा व्हिडिओ, ज्याला उसळी कधी आलीच नाही, तोही बारमाही म्हणायचा का?

हुरडाप्रेमी : सूत्राने हो. पण त्याला मी ‘झिरपता’ म्हणेन. बारमाही ओढ्यावर निदान चार म्हशी तरी पाणी प्यायल्या पाहिजेत.

चादरकाठ : मला हे पटत नाही. ओढा बारीक असला तरी बारमाही तो बारमाहीच. किती पाणी आहे ते वेगळं लिहा, शब्दात कोंबू नका.